थोरल्याचं उष्टं आणि पोटातलं बाळ

दुसऱ्यांदा दिवस गेले की अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घरात सूचनांना तोटा नसतो. पपई खाऊ नको, भरलेली बादली उचलू नको, ग्रहणात बाहेर निघू नको. आशाताई येते, लोहाच्या गोळ्या आणि धनुर्वाताची सुई यांचं सांगून जाते. पण मांडीवर दोन वर्षांचं लेकरू आहे आणि त्याच्या ताटलीत उरलेला वरणभात ही बाई रोज स्वतः संपवते, याबद्दल कोणी काही बोलत नाही. विषय निघालाच तर सासू म्हणते, "आपल्याच लेकराचं उष्टं, त्यानं काय होते वं?"

बहुतेक वेळा काही होत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून एक विषाणू पसरतो. तो गर्भारपणात आईच्या तोंडात गेला, तर कधीकधी पोटातल्या बाळाच्या कानापर्यंत आणि मेंदूपर्यंत पोहोचतो. त्याचं नाव सायटोमेगालोव्हायरस, डॉक्टर त्याला सीएमव्ही म्हणतात. कांजिण्यांचा विषाणू आणि ताप येऊन गेल्यावर ओठांवर फोड उठवणारा विषाणू याच कुळातले. या कुळाची खोड अशी की एकदा शरीरात शिरला की तो जन्मभर तिथेच राहतो. बहुतेक काळ झोपलेला असतो, मधूनच जागा होतो.

एक-दोन वर्षांच्या मुलाला हा संसर्ग झाला तर घरात कोणाला कळतसुद्धा नाही. एखाद दिवस अंग कोमट लागेल, नाक वाहील, नाहीतर तेही नाही. पोरगं खेळतं, जेवतं, वजनही वाढतं. मात्र त्याच्या लाळेत आणि लघवीत विषाणू पुढे कित्येक महिने येत राहतो, कधी वर्षाहून जास्त. म्हणून "आमचा तर एकदम ठणठणीत आहे" या म्हणण्याला इथे अर्थ नाही. विषाणू टाकणारं मूल ठणठणीतच दिसतं. एक ते तीन या वयाची मुलं यात पुढे असतात, कारण या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं. अंगणवाडीतली खेळणी, चुलतभावाचं बिस्किट, शेजारच्या ताईची बाटली, सगळं एकमेकांत फिरतं.

मोठ्या माणसालाही तो झाला तर बहुधा काही जाणवत नाही. थोडा ताप, दोन-चार दिवस गळून गेल्यासारखं वाटणं. गर्भारपणात तेवढं कोणालाही वाटतं, त्यामुळे लक्षणांवरून शोध लागत नाही. आईच्या रक्तातून विषाणू वारेत उतरतो आणि वारेतून बाळात. पहिल्या तीन महिन्यांत हे घडलं तर इजा होण्याची भीती सर्वांत जास्त, कारण तेव्हा बाळाचे अवयव आणि मेंदू घडत असतात. शेवटच्या महिन्यांत विषाणू बाळापर्यंत पोहोचणं अधिक सोपं असतं, पण तोवर घडण बरीच झालेली असल्याने नुकसान सहसा कमी होतं.

आता आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती न सांगता युरोप-अमेरिकेतला सल्ला जसाच्या तसा उचलणं बरोबर नाही. तिकडे कितीतरी स्त्रिया गर्भवती होईपर्यंत या विषाणूच्या वाटेला गेलेल्या नसतात. आपल्याकडे उलट. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पूर्वी गर्भपात किंवा तशाच अडचणी झालेल्या स्त्रियांचं रक्त त्यात तपासलं होतं. त्यांतल्या सुमारे ९१ टक्के स्त्रियांच्या रक्तात या विषाणूच्या जुन्या ओळखीची खूण सापडली. म्हणजे तुम्ही हा लेख वाचत असाल तर बहुधा तुम्हालाही तो लहानपणीच होऊन गेला आहे, कदाचित तुमच्या आईच्या दुधातूनच.

मग काळजी कसली? एकदा कांजिण्या झाल्या की सहसा पुन्हा होत नाहीत, तसं इथे पक्कं नाही. जुनी ओळख असलेल्या आईचं बाळ पुष्कळ सुरक्षित असतं. पहिल्यांदाच संसर्ग झालेल्या गर्भवतीकडून सुमारे दर तिसऱ्या बाळाला तो जातो, तर आधी होऊन गेलेल्या आईकडून शंभरात एखाद्यालाच जातो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. पण या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. लहानपणी एक प्रकार भेटलेला असतो आणि थोरलं लेकरू अंगणवाडीतून दुसराच घेऊन येतं. किंवा आईच्या अंगातला झोपलेलाच जागा होतो. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी उत्तर भारतातल्या एका निमशहरी भागात नवजात बाळं तपासली. त्यांचा अहवाल २००८ साली आला. जवळपास सगळ्याच आयांना हा विषाणू पूर्वी होऊन गेलेला होता, तरीही शंभरातली सुमारे दोन बाळं तो घेऊनच जन्मली होती. एकेका आईचा धोका लहान असतो. पण अशा आया इतक्या आहेत की बाळांची संख्या मोठी होते.

अशा बाळांपैकी बहुतेक पुढे चांगली वाढतात. साधारण पाचातल्या एकाला काही ना काही कायमचं राहतं. त्यात सगळ्यांत जास्त आढळतं ते ऐकू कमी येणं. अंगातला झोपलेला विषाणू जागा होणं आपल्या हातात नाही. बाहेरून नवा येणं मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, आणि तो येण्याची सर्वांत मोठी वाट म्हणजे घरातलं थोरलं मूल.

एक घर डोळ्यांसमोर आणा. मोर्णेच्या काठची जुनी वस्ती, दोन खोल्या, मागे मोरी. सव्वादोन वर्षांचा मुलगा आणि अडीच महिन्यांची गर्भवती आई. तिचा दिवस लाळेच्या नजरेने पाहू.

सकाळी मुलाचं तोंड धुताना ती त्याच्या ब्रशवर पेस्ट लावते, थोडी जास्त झाली की बोटाने काढून चाटते. दोघांचे ब्रश एकाच पेल्यात, डोक्याला डोकं टेकून. इथे ब्रश वेगळ्या पेल्यात ठेवायचा आणि जास्तीची पेस्ट मोरीत टाकायची, एवढंच. मग चहा-बिस्किट. मुलगा चहात बुडवलेलं बिस्किट अर्धं खातो आणि उरलेलं "आई, तू खा" म्हणत तिच्या तोंडात कोंबतो. हा प्रसंग सगळ्यांत अवघड, कारण तो प्रेमाचा आहे. नाही म्हटलं तर पोरगं रडतं. एक युक्ती चालते. त्याला आधीच दोन बिस्किटं द्यायची, एक "तुझं" आणि एक "आईचं". आईचं त्याने हातात धरायचं, तोंडात घालायचं नाही, आणि आईला भरवायचं. त्याने चावलेलंच पुढे केलं तर "आता हे बाबांना दे". बाबांना संसर्ग झाला तर फारसं बिघडत नाही, पण तो पुढे त्यांच्याकडून तुम्हालाही लागू शकतो, म्हणून बाबांनीसुद्धा ते ताटलीत ठेवून द्यावं.

बिस्किटाचं उदाहरण उगाच घेतलेलं नाही. हा विषाणू कोणत्या वस्तूवर किती वेळ जिवंत राहतो, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत तपासलं होतं. धातूवर आणि लाकडावर तो सुमारे तासाभरापर्यंत सापडला, काचेवर आणि प्लास्टिकवर तीन तासांपर्यंत, रबरावर, कापडावर आणि खारट बिस्किटावर सहा तासांपर्यंत. म्हणजे स्टीलचा चमचा त्या मानाने बरा. ओल्या लाळेचं लाळेरं, बाटलीचं बूच आणि मुलाने चघळलेला ओढणीचा कोपरा मात्र दिवसभर लक्षात ठेवावा लागतो. ओढणीकडे आपलं लक्ष कधीच नसतं. मूल खांद्यावर असताना तिचं टोक चोखतं आणि थोड्या वेळाने आई त्याच टोकाने स्वतःचं तोंड पुसते. घरात असताना कमरेला एक सुती रुमाल खोचून ठेवा, मुलाचं नाक-तोंड पुसायला तेवढाच वापरा आणि संध्याकाळी साबणात टाका.

दुपारचं जेवण. भात गरम आहे की नाही हे बघायला आई पहिला घास स्वतःच्या ओठांना लावते आणि मग मुलाला भरवते. यात तिच्या पोटातल्या बाळाला काही धोका नाही, कारण लाळ आईकडून मुलाकडे जाते आहे. बिघडतं ते उलट दिशेने. त्याच चमच्याने त्याला भरवलं, मग त्याच चमच्याने आईने एक घास स्वतः खाल्ला, मग शेवटी त्याची ताटली पुसून साफ केली, की लाळ मुलाकडून आईकडे आली. म्हणून चमचे दोन, ताटल्या दोन, पाण्याचे पेले दोन. मुलाच्या ताटलीत सुरुवातीला थोडंच वाढायचं, लागलं तर पुन्हा. उरतच नाही तर संपवावंही लागत नाही. अन्न टाकायला मन होत नाही हे खरं, आणि वऱ्हाडात ताटातलं टाकणं पापच मानतात. उरलं तर आजोबांनी खावं किंवा दारातल्या गायीला द्यावं. पण "पोटुशी बाईनं जास्त खायचं असतं" म्हणून ते तिच्याच पुढ्यात सरकवू नये.

उन्हाळ्यात यात बर्फाचा गोळा आणि कुल्फी येते. अकोल्याच्या मे महिन्यात एका काडीवर मायलेक आळीपाळीने चोखताना कोणत्याही चौकात दिसतील. दोन घ्या. श्रावणात राजराजेश्वराच्या प्रसादाचं अर्धं चाटलेलं केळंही याच हिशेबात धरा.

मुका कुठे घ्यायचा, हे विचारायला बायका संकोचतात. कपाळावर, टाळूवर, गालाच्या वरच्या भागावर, मानेच्या मागे, पोटावर, हवा तितका. फक्त ओठांवर नको, आणि लाळ गळत असलेल्या हनुवटीवर नको. मुलाला जवळ घेऊन झोपणं, कडेवर घेणं, अंगाखांद्यावर खेळवणं, यातलं काहीही बंद करायचं नाही. सहवासाने हा विषाणू लागत नाही, तो ओल्या लाळेतून किंवा लघवीतून तोंडात, नाकात, डोळ्यात जावा लागतो. हे सांगायचं कारण असं की एकदा भीती बसली की घरातले लोक दोन वर्षांच्या मुलाला आजीकडे पाठवून देतात. धाकट्याची चाहूल लागताच थोरल्याला घराबाहेर काढायची काहीएक गरज नाही.

आता लघवीचं. लंगोट किंवा डायपर बदलल्यावर, मुलाला धुतल्यावर, ओलं दुपटं उचलल्यावर हात साबणाने धुवायचे. नाक पुसल्यावर, भरवल्यावर, तोंडातलं खेळणं हातात घेतल्यावरही. इथे कोणीतरी हमखास म्हणतं, नळ चार-पाच दिवसांआड येतो, दर वेळी वीस सेकंद हात कुठून धुवायचे? बोलणं रास्त आहे. पण वीस सेकंद नळ उघडा ठेवायचा नाही, वीस सेकंद साबण चोळायचा आहे. हात थोडे ओले करायचे, साबण लावून बोटांच्या फटीत, अंगठ्याभोवती, नखांखाली चोळायचा, आणि मग अर्ध्या लोट्यात धुऊन टाकायचे. कोणीतरी लोट्याने वरून पाणी सोडलं तर आणखी कमी लागतं. पूर्ण हात टाकीत किंवा ड्रममध्ये मात्र बुडवायचा नाही. या विषाणूभोवती चरबीचं पातळ वेष्टण असतं आणि साध्या साबणाने ते फुटतं. महागडा जंतुनाशक साबण लागत नाही. बाहेर असाल तर हातावर चोळायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर चालतं. वीस सेकंद मोजायला घड्याळ नको, "राजराजेश्वर महाराज की जय" सावकाश आठ-दहा वेळा मनात म्हटलं की झालं.

खेळण्यांना रोज उकळत बसू नका. सारखी तोंडात जाणारी दोन-तीन खेळणी संध्याकाळी साबणाच्या पाण्यातून काढून वाळवा, पुरे. चोखणी असेल तर जमिनीवर पडल्यावर ती स्वतःच्या तोंडात घालून "साफ" करायची सवय सोडा. हे करणाऱ्या आया बऱ्याच आहेत.

या सवयींनी खरंच फरक पडतो का? इटलीत हे नीट तपासलं गेलं. पूर्वी कधीही हा संसर्ग न झालेल्या आणि लहान मुलांशी रोजचा संबंध असलेल्या गर्भवतींना अशाच साध्या सूचना दिल्या गेल्या. त्यांच्यात शंभरातल्या साधारण एकीला गर्भारपणात संसर्ग झाला. सूचना न मिळालेल्यांत तेच प्रमाण सात-आठ होतं. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या स्त्रियांचा तो पहिलाच संसर्ग होता. आपल्याकडच्या, आधी होऊन गेलेल्या आयांमध्ये नवा प्रकार किती अडतो, याचा तितका पक्का आकडा हाती नाही. वाट तीच असल्यामुळे सवयी त्याच. खर्च एका जास्तीच्या चमच्याचा.

सुरुवात कधी करायची, हे महत्त्वाचं. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन, तपासणी होऊन, कार्ड निघेपर्यंत दीड-दोन महिने गेलेले असतात, आणि तोच नाजूक काळ. म्हणून दुसऱ्या मुलाचा विचार केला, तांबी काढली किंवा गोळ्या थांबवल्या, की त्या दिवसापासून चमचा वेगळा करा. पुढे पूर्ण गर्भारपण पाळा, पण पहिले चार महिने काटेकोर. गर्भवती अंगणवाडी सेविकेने आणि मदतनिसांनीही हेच करावं, त्यांच्या हातातून तर रोज वीस लेकरांची लाळ जाते.

आता तपासणीबद्दल, कारण याच ठिकाणी आपल्या भागात सगळ्यांत जास्त घाबरगुंडी उडते. काही दवाखान्यांत टॉर्च नावाची तपासणी सरसकट लिहून दिली जाते. तिच्यात सीएमव्हीचे दोन आकडे येतात, आयजीजी आणि आयजीएम. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे पूर्वी कधीतरी हा विषाणू होऊन गेला. वर सांगितलं तसं ते आपल्याकडे जवळपास सगळ्यांचंच येतं, त्यावर औषध लागत नाही, घाबरायचंही नाही. आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे ताजा संसर्ग असू शकतो, पण असेलच असं नाही. ती खूण संसर्गानंतर कित्येक महिने टिकते, जुना विषाणू थोडा जागा झाला तरी दिसते, आणि कधी निव्वळ चुकीचीही असते.

अशा वेळी डॉक्टरांना ॲव्हिडिटीची तपासणी विचारा. प्रतिपिंड विषाणूला किती घट्ट चिकटतात ते तीत मोजतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या रक्तात ती जास्त आली तर संसर्ग बहुधा दिवस जाण्याच्या आधीचा. कमी आली तर गेल्या काही महिन्यांतला असण्याची शक्यता वाढते. तेव्हा गर्भवैद्यकाच्या तज्ज्ञांकडे जाणं योग्य, कारण सुरुवातीलाच सापडलेल्या पहिल्या संसर्गात गोळ्यांनी बाळाकडे जाणं कमी करता येतं. बाळाला खरंच झाला का, हे पक्कं कळतं ते पाचव्या महिन्यानंतर गर्भजल काढून पीसीआर केल्यावर, आणि तेही आईच्या संसर्गानंतर सहा ते आठ आठवडे गेल्यावर. फक्त आयजीएमच्या एका कागदावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. कोणी तसं सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

बाळ जन्मल्यावर. डोकं वयाच्या मानाने लहान, अंगावर बारीक जांभळे ठिपके, लांबलेली कावीळ, वजन फार कमी, किंवा कानाच्या तपासणीत नापास, यांतलं काही असेल तर बाळाच्या डॉक्टरांना विचारा: सीएमव्ही बघायचा का? लघवी किंवा लाळेची पीसीआर जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आतच करावी लागते. त्यानंतर सापडलेला विषाणू पोटातून आला की आईच्या दुधातून किंवा बाहेरून, हे सांगता येत नाही. लाळ घ्यायची असेल तर दूध पाजल्यानंतर किमान तासाभराने, नाहीतर दुधातलाच विषाणू त्यात येतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला दुधातून तो मिळाला तरी सहसा काही होत नाही, म्हणून दूध बंद करायचं नाही. फार आधी जन्मलेल्या, अगदी कमी वजनाच्या बाळाबद्दल डॉक्टर वेगळं सांगतील ते ऐका. लक्षणं असलेल्या बाळाला व्हॅलगॅनसिक्लोविर हे औषध सहा महिने देतात. ते पहिल्या महिन्यात सुरू झालं तर बरं. मधे रक्ताच्या तपासण्या लागतात, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात.

संसर्ग घेऊन जन्मलेली बहुतेक बाळं दिसायला अगदी निरोगी असतात, आणि त्यांतल्या काहींचं ऐकणं नंतर हळूहळू कमी होतं. पहिल्या आठवड्यात कान पास झाले म्हणून विषय संपत नाही. हाकेला वळत नाही, दाराची कडी वाजली तरी दचकत नाही, वर्षाचं झालं तरी "बाबा", "मामा" नाही, अशी शंका आली तर जिल्हा स्त्री रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नाक-कान-घसा विभागात कानाच्या तपासणीची विचारणा करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं तेव्हाही मुलाला दाखवता येतं. बाळाला हा संसर्ग असल्याचं पक्कं झालं असेल तर पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत कानांची तपासणी ठरावीक काळाने करत राहावी लागते. पहिल्या दोन वर्षांत दर काही महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. पुढची तारीख त्याच दिवशी माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या.